पाच आठवड्यांचा मिनी कट

जिममध्ये तिला सगळे ताई म्हणत. हे ऐकायला गोड वाटतं, पण त्यात एक गोम होती. तिथे पुरुष शिकवणारा आला की तो पहिल्याच दिवशी 'सर' होई. ती अकरा वर्षं शिकवत होती, कॉलेजात असताना वेटलिफ्टिंगची पदकं आणली होती, तरी ताईच. ताई म्हटलं की फुकटात सल्ला विचारता येतो आणि चारचौघांत तो आपल्याला कुणी दिला हे सांगावं लागत नाही.

जिम होतं टायरच्या दुकानावर, पूर्वीच्या गोदामात. रबराचा वास खालून यायचा की फरशीवरच्या रबरी चादरीतून, हे कुणालाच कधी कळलं नाही. सकाळची बायकांची बॅच तिची. गुडघे दुखणाऱ्या, बाळंतपणानंतर सुटलेल्या, डॉक्टरांनी दम दिलेल्या बायका ती घडवायची आणि बऱ्यापैकी घडवायची. पण तिचा जीव होता लोखंडात. संध्याकाळच्या बॅचमध्ये खरं वजन उचललं जाई. वजनं लावलेला लोखंडी बार खांद्यावर घेऊन बसून उठायचं तो स्क्वॉट, आडवं पडून छातीवरून ढकलायचा तो बेंच, जमिनीवरून उचलायचा तो डेडलिफ्ट, आणि स्पर्धेची तयारी. ती बॅच तीनदा रिकामी झाली आणि तिन्ही वेळा तिच्याहून कमी शिकलेल्या, कमी उचललेल्या कुणातरी पुरुषाला मिळाली. चौथ्यांदा रिकामी झाली तेव्हा ती सरळ मालकासमोर जाऊन उभी राहिली.

मालक भला माणूस होता, म्हणजे तोंडावर नाही म्हणायची त्याला भीती वाटे. तो म्हणाला, "ताई, माझी काही ना नाही हो. पण पोरं ऐकतील का तुमचं?"

"पोरं बारचं ऐकतात. बार मला ओळखतो."

"असं करू. तुमचा दीर यंदा स्पर्धेत उतरतोय ना? तुमच्याच हाताखाली? तो पहिल्या तिघांत आला की संध्याकाळची बॅच तुमची. मग कुणी तोंड वर करून बोलणार नाही."

तोवर ती बॅच त्याने तात्पुरती नव्या ट्रेनरकडे सोपवली. या नव्या ट्रेनरला बायकांच्या बॅचने पहिल्याच आठवड्यात आरसेबुवा हे नाव ठेवलं होतं. तो समोरच्याशी बोलतानासुद्धा त्याच्या खांद्यावरून मागच्या आरशात स्वतःचे दंड बघायचा. बोलायला मात्र लाघवी. कुणालाही हरभऱ्याच्या झाडावर चढवावं तर त्यानेच.

दीर सव्वीस वर्षांचा. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा, गोलमटोल, शाळेत भोपळ्या म्हणून चिडवला जाणारा. त्याला सायकल तिने शिकवली, पहिल्यांदा बारखाली तिनेच उभं केलं. घरात ती त्याला अजूनही भोपळ्याच म्हणायची आणि तो तिला वहिनी म्हणत 'तू' करायचा. नवरा छापखान्यात यंत्रावर, अबोल. त्याला दोघांच्या गप्पांतलं अक्षर कळायचं नाही, पण ताटातलं निमूट खायचा.

गेले आठ महिने दिराचा बल्क चालू होता. म्हणजे ताकद आणि स्नायू वाढावेत म्हणून शरीराला लागतं त्याहून थोडं जास्त खाणं. अठ्ठ्याहत्तर किलोचा तो शहाऐंशीचा झाला. बार दर महिन्याला जड होत गेला आणि पोटही जरा पुढे आलं. त्याला उतरायचं होतं त्र्याऐंशी किलोपर्यंतच्या गटात. स्पर्धेला दहा आठवडे होते.

"आता मिनी कट," ती एका संध्याकाळी म्हणाली. दोघं स्वयंपाकघरात होते. ती अंडी सोलत होती आणि तो सोललेली खात होता. "पाच आठवडे. साडेचार-पाच किलो खाली येशील. मग आठवडाभर खाणं हळूहळू वर न्यायचं आणि उरलेले चार आठवडे पोटभर जेवून वजन उचलायचं."

"पाचच? माझे मित्र तीन-तीन महिने करतात."

"तो लांबचा कट. तो हलका असतो, म्हणून लांबवता येतो. हा खोल असतो, म्हणून आखूड. दोन आठवड्यांत काही हाती लागत नाही, सहाच्या पुढे गेलं की शरीर स्नायू मोडून खायला लागतं, झोप जाते, बार जड होतो. बल्कमध्ये साठलेली चरबी थोडी झाडायची आणि परत जेवायला बसायचं, एवढंच याचं काम. श्वास रोखून पाण्याखाली जाण्यासारखं आहे. तिथे घर बांधायचं नसतं."

"मग सोपं आहे. आता तेहतीसशे कॅलरी खातो, त्यातून पाचशे कापतो."

तिने कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, तेहतीसशे हा तुझा वाढायचा खुराक आहे. त्यातून कापून काय उपयोग? आधी मेंटेनन्स काढ. म्हणजे किती खाल्लं की वजन जागचं हलत नाही, तो आकडा. तू आठवड्याला पाव किलो वाढत होतास. एक किलो म्हणजे साधारण साडेसात-पावणेआठ हजार कॅलरी. पाव किलोच्या झाल्या एकोणीसशेच्या आसपास. सातांनी भाग. रोजच्या किती?"

त्याने बोटं मोजली. "पावणेतीनशे."

"म्हणजे तुझा मेंटेनन्स तीन हजार. तू पाचशे कापले असतेस तर खरी तूट झाली असती दोनशेची. पाच आठवडे तोंड वाकडं करून किलोभर उतरला असतास. आपण तीन हजारातून पाव हिस्सा काढायचा. साडेबावीसशे. प्रोटीन मात्र कमी करायचं नाही, वाढवायचं. किलोमागे दोन ग्रॅमच्या वर. कापायचं ते भातातून आणि तेलातून. आणि वजन उचलणं तसंच जड ठेवायचं, फक्त सेट थोडे कमी."

"बरं, बाई बरं."

"आणि ऐक. पहिल्या आठवड्यात दोन किलो जातील. नाचू नकोस. ती चरबी नाही. भात कमी झाला, मीठ कमी झालं की अंगातलं पाणी जातं, आतड्यातला माल कमी होतो. दुसऱ्या आठवड्यापासून पाऊण किलो, फार तर. तोच खरा हिशेब."

त्याने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

सासूबाईंना हा प्रकार पहिल्या दिवसापासून खपला नाही. ओट्यावर वजनकाटा आला आणि त्यांचा पारा चढला. "भात काय तोलायचा? सोनाराच्या दुकानात आल्यासारखं वाटतं मला. पोरगा दिवसभर लिफ्टच्या दोऱ्यांना लोंबकळतो आणि ही त्याला मूठभर भात घालते. स्वतःचा असता तर घातला असता का एवढासा?"

तिला मूल नव्हतं. सासूबाईंचा असला टोला वर्षातून पाच-सहा वेळा बसे आणि दर वेळी तितकाच लागे. ती म्हणाली, "आई, पाच आठवड्यांचा प्रश्न आहे. मग तुम्ही परातीने वाढा."

पहिल्या आठवड्यात खरोखरच दोन किलो गेले. दीर हवेत. कामावरच्या लोकांनी सदरा वर करायला लावला म्हणे. दुसऱ्या आठवड्यात पाऊण किलो गेलं, अगदी तिने सांगितलं होतं तेवढंच, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"अडकलं," तो म्हणाला.

"काही अडकलं नाही. अगदी वेळेवर चाललंय."

"आधी दोन, आता पाऊण. याला अडकणं नाही तर काय म्हणतात?"

"याला चरबी जाणं म्हणतात. आधी गेलं ते पाणी होतं. सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. पण ज्याला जन्मभर भोपळ्या म्हटलंय त्याला दोन किलो म्हणजे दोन किलोच वाटतात. तो संध्याकाळी जिममध्ये गेला आणि तिथे आरसेबुवाने त्याला हात धरून आरशासमोर उभं केलं. "भाऊ, हे बघ, हे दिसायला लागलंय. आता थांबायचं? ताईंचं बायकांच्या बॅचसाठी ठीक आहे रे. आता तू जे खातोस त्यातून आणखी पाव कमी कर."

आता जे खातोस त्यातून! म्हणजे साडेबावीसशेतून पाव हिस्सा. उरले सतराशेच्या आत. गोम इथेच होती. त्या गृहस्थाला वाटे, माणूस सध्या जे खातो तोच त्याचा मेंटेनन्स. तुटीतून पुन्हा तूट काढायची आणि त्याला शास्त्र म्हणायचं. मेंटेनन्स तीन हजाराचा आता थोडाफार खाली आला असेल, पण साडेबावीसशेवर तर तो काही आला नव्हता. घरी ती डबा तोलून भरत होती आणि हा त्यातला भात कामावरच्या कुत्र्याला घालत होता.

हे तिला कळलं चौथ्या आठवड्याच्या शेवटी, आणि कळलं बारवरून. एकशे ऐंशीचा स्क्वॉट तो एरवी तीनदा सहज करायचा. त्या दिवशी एकदा वर आला तो थरथरत. मिनी कटमध्ये ताकद एवढी ढळत नाही. ढळली तर समजावं की कुणीतरी आकड्यांशी खेळतंय. तिने वजन करायला लावलं. एक्क्याऐंशी. पाच आठवड्यांत जिथे यायचं तिथे तो चारच आठवड्यांत आला होता.

"किती खातोस?"

"तू देतेस तेवढं."

"भोपळ्या, मी अठरा वर्षं बार बघतेय. खोटं बोलू नकोस."

त्याने सांगितलं. थोडं गुर्मीतच सांगितलं.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "उद्यापासून कट बंद. आठवडाभर चढत चढत अठ्ठावीसशेपर्यंत जायचं. तू आता हलका झालास म्हणून पूर्वीचे तीन हजार नकोत. वजन किलो-दीड किलो वर येईल, ते पाणी असेल, घाबरायचं नाही. तरी गटात बसतोस. सहा आठवडे आहेत, ताकद सगळी परत येते."

"मी थांबणार नाही."

"काय?"

"अजून चार आठवडे करणार. आत्ता कुठे दिसायला लागलंय. सर म्हणतात, चालू गाडीला ब्रेक लावायचा नसतो."

"सर म्हणतात! स्पर्धेत पोट दाखवायचंय की बार उचलायचाय?"

यावर तो जे बोलला ते तिला फार दिवस पुरलं. "तुम्हाला माझं पोट सपाट झालेलं बघवत नाही, वहिनी. तुम्हाला तुमची बॅच पाहिजे."

'तुम्हाला' म्हणाला. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

तिला बॅच पाहिजेच होती, हे खरं. म्हणून ती वळून बारवरच्या चकत्या काढायला लागली, आणि त्याला वाटलं आपण बरोबर बोललो.

त्यानंतर तो डबा न्यायचा बंद झाला, आणि चार आठवडे म्हणता म्हणता कट स्पर्धेपर्यंत चालूच राहिला. आरसेबुवाने त्याचा उघडा फोटो काढला, शेजारी जुना भोपळ्याचा लावला, मोठा करून जिन्यात टांगला. खाली आरसेबुवाचं नाव. जिना चढणारा प्रत्येक जण त्या फोटोसमोर दोन पावलं रेंगाळायचा. आणि गंमत बघा, सासूबाईसुद्धा एक दिवस खालच्या टायरवाल्याकडे काहीतरी काम काढून गेल्या आणि जिना चढून फोटो बघून आल्या. भाताच्या वाटीवरून रडणाऱ्या त्याच बाई. "कसा दिसतो ग माझा मुलगा," शेजारणीला म्हणाल्या, "अगदी नटासारखा!" त्याची गालफडं बसली होती, दुपारी कामावर जिन्यात टेकून झोपायचा, रात्री झोप नाही, भावावर कारण नसताना खेकसायचा. ते कुणाला दिसेना. फोटोत ते येत नाही.

ती मालकाकडे गेली. "फोटो उतरवा. तो मुलगा स्पर्धेत आपटणार आहे."

"ताई, असं अशुभ बोलू नका. फोटोमुळे किती लोक विचारायला येतात माहितीये?"

"मग बॅचचं आपलं ठरलेलं आहे त्याचं काय? आता तो माझ्या हाताखाली नाही."

"तुमचाच दीर ना तो? घरचाच मामला. तेवढं तुम्ही सांभाळून घ्या."

म्हणजे जिंकला तर आरसेबुवाचा आणि हरला तर घरचा. मालकाला गणित यायचं नाही असं कोण म्हणतं?

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. खेळाडूबरोबर आत जायला एकाच प्रशिक्षकाला पास मिळे. दिराने तो आरसेबुवाला दिला. ती प्रेक्षकांत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, सासूबाई आणि नवऱ्याच्या मधे. वजनाला दीर शहात्तर भरला. त्र्याऐंशीच्या गटात शहात्तरचा माणूस! सात किलो ताकद तो घरी ठेवून आला होता.

पहिल्या उचलीसाठी त्याने एकशे पंच्याऐंशी लिहून दिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी ठरवलेलंच. सरावाच्या जागेत दोरीपलीकडे तो एकशे साठ उचलत होता, ते तिने लांबून पाहिलं. वर येताना बार मधेच थबकला. ती उठली, खुर्च्या ओलांडत दोरीपाशी गेली.

"ऐक. अजून फेरी सुरू झालेली नाही, आकडा बदलता येतो. एकशे पासष्ट कर. एकदा मंचावर गेलास की मग आकडा खाली आणता येत नाही. पडलं तर तेच वजन किंवा त्याहून जास्त, एवढंच. एक चांगली उचल पदरात पाड, मग बघू."

त्याने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर सायकलवरून पडायच्या आधी पाहायचा तसं. मग त्याने आरसेबुवाकडे पाहिलं.

"एकशे पासष्ट?" आरसेबुवा हसला. "लोकांनी फोटो बघितलाय याचा. पंच्याऐंशीच."

"वहिनी, तुम्ही बसा," दीर म्हणाला.

ती बसली. पहिल्या वेळी तो खाली गेला आणि वर आलाच नाही. बाजूच्यांनी बार धरला. दुसऱ्या वेळी अर्ध्यापर्यंत आला आणि पाय लटपटले. तिसऱ्या वेळी भीतीने पुरेसा खाली बसलाच नाही. वर आला खरा, पण पंचांचे तिन्ही दिवे लाल लागले. स्क्वॉटच्या तिन्ही उचली फुकट गेल्या की माणूस स्पर्धेतून बाद. बेंच नाही, डेडलिफ्ट नाही. आठ महिने खाल्लेलं आणि दहा आठवडे न खाल्लेलं, दोन्ही पंधरा-वीस मिनिटांत संपलं. आरसेबुवा पाणी आणायला म्हणून गेला तो परत दिसला नाही.

सभागृहातून बाहेर पडता पडताच सासूबाईंनी तोंड सोडलं. "हिनेच उपाशी मारलं माझ्या पोराला. काटा आणला तेव्हाच म्हटलं होतं मी. भात तोलत होती!"

नवरा म्हणाला, "आई, तिने तर नंतर खा म्हणून सांगितलं होतं." सतरा वर्षांत आईसमोर बायकोच्या बाजूने बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य, आणि त्याला इतका उशीर झाला होता की तिला ते ऐकून रागच आला.

दीर बॅग खांद्याला लावून पुढे चालत राहिला. 'वहिनीने थांबायला सांगितलं होतं,' एवढे चार शब्द त्याच्या तोंडून निघाले असते तर बास होतं. निघाले नाहीत.

त्या आठवड्यात तो राक्षसासारखा खात सुटला. इतके दिवस मारलेली भूक ती. पाव, बिस्किटं, रात्रीचं उरलेलं, सगळं. चार दिवसांत चार किलो. पाचव्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तोंड सुजल्यासारखं.

"किती खाऊ?" तिच्याकडे न बघता त्याने विचारलं.

तिला बोलायचं नव्हतं. पण धंदा अंगात मुरलेला असतो. "सव्वीसशे. दोन आठवडे तेवढंच. रोज सकाळी वजन कर, पण आठवड्याची सरासरी बघ, रोजचा आकडा नको. सरासरी ठरली की तो तुझा आताचा मेंटेनन्स. मग शंभर-दोनशेने वर. आता वर्षभर कट हा शब्द काढायचा नाही."

"बरं."

बस्स. आतून सासूबाई म्हणाल्या, "विचार, उपाशी मारणारीलाच विचार." तो ताट घेऊन जेवायला बसला. ती पुन्हा त्याच्या डब्यातला भात तोलत राहिली आणि सकाळी बायकांच्या बॅचआधी त्याला बारखाली उभं करत राहिली. अडीच महिन्यांत तो माणसात आला, एकशे ऐंशी पुन्हा तीनदा वर गेले.

संध्याकाळची बॅच आरसेबुवाला कायमची मिळाली. मालकाने तिला बोलावून सांगितलं, एवढी सभ्यता त्याने दाखवली. "तुमचा माणूस बाद झाला, ताई. मी तरी काय करू? लोक फोटो बघून येतात, स्पर्धेतले लाल दिवे बघून नाही. एक मदत मात्र करा. ते कॅलरीचं गणित तुम्हाला छान जमतं. तेवढं त्याला शिकवा ना. बॅचला उपयोग होईल."

"त्याची फी?"

"ताई, आपल्यात फी कसली!"

"मग आपल्यात शिकवणी कसली?" ती म्हणाली आणि सकाळच्या बायकांकडे गेली. शिकवलं नाही. आरसेबुवा आजही चालू खाण्यातूनच पाव कापतो, आणि त्याची पोरं दोन महिने चमकतात आणि मग दिसेनाशी होतात. नवी येतात. जिना रिकामा राहत नाही.

एका शनिवारी दीर बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला, "वहिनी, मी सोमवारपासून संध्याकाळच्या बॅचला जाईन म्हणतो. कामाची वेळ जुळते. आणि सगळे तिकडेच आहेत."

ती ओटा पुसत होती. फडकं पिळून तिने दांडीवर टाकलं.

"जा की," ती म्हणाली. "डबा आता तुझा तू भर."